करारनाम्यातली न लिहिलेली तारीख

हाउसिंग सोसायटीची कमिटी बदलली की नव्या सेक्रेटरीच्या हाती कपाटाच्या किल्ल्या येतात. त्या कपाटात लिफ्टच्या देखभालीचा करार असतो आणि सह्या झाल्यापासून तो सहसा कोणी उघडलेला नसतो. मग एका जुलैत वाढीव दराचं बिल येतं. विचारणा केल्यावर कळतं की करार आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढला आहे. कंपनीने फसवलेलं नसतं, कारण तसं कलम करारात असतं आणि त्याखाली आपल्याच माणसांच्या सह्या असतात. त्या कलमावर लक्ष ठेवणारी नोंद मात्र कुठेच नसते.

अशा नोंदींसाठी करार नोंदवही ठेवतात. ती साधी वही असेल किंवा कॉम्प्युटरवरचा तक्ता असेल. प्रत्येक कराराची एक नोंद करायची आणि तिच्यात तीन गोष्टी उतरवायच्या: कोणी काय करायचं आहे, करार कधी आणि कसा वाढतो, आणि कोणत्या अटींवर तो संपवता येतो. ऐकायला हे सोपं वाटतं. पण यातली सर्वांत कामाची तारीख करारात लिहिलेलीच नसते, ती काढावी लागते. कशी काढायची, ते एका नमुना करारावरून पाहू. करार कल्पित आहे, कलमं मात्र अशा करारांत नेहमी भेटणारी आहेत.

सात मजली इमारत, दोन लिफ्ट, वर्षाला 1,20,000 रुपये शुल्क. सह्या 18 जून 2024 रोजी झाल्या. मुदतीचं कलम म्हणतं, ‘1 जुलै 2024 पासून तीन वर्षे’. पहिल्या पानावरच्या गोषवाऱ्यात लिहिलं आहे की मुदतवाढ नको असल्यास एक महिना आधी कळवावं. शेवटी जोडलेल्या छापील सर्वसाधारण शर्तींमध्ये कलम 12 म्हणतं की मुदत संपण्याच्या कमीत कमी 90 दिवस आधी लेखी नोटीस न मिळाल्यास करार त्याच शर्तींवर एकेका वर्षाने वाढत जाईल आणि शुल्क 10 टक्क्यांनी वाढेल.

म्हणजे एकाच करारात दोन मुदती आहेत. म्हणून नोंद करायला बसण्याआधी सगळे कागद एकत्र करायचे: मूळ करार, दरांचं परिशिष्ट, छापील शर्ती आणि नंतर दोन्ही बाजूंनी मान्य केलेली पत्रं. मग शोधायचं ते कागदांचा प्राधान्यक्रम सांगणारं कलम. आपल्या करारात ते कलम 20 आहे आणि विसंगती आढळल्यास सर्वसाधारण शर्ती ग्राह्य धरल्या जातील, असं ते सांगतं. त्यामुळे 90 दिवस खरे. असं कलम नसतं, तर दोन्ही मुदती नोंदवून मोठी मुदत पाळायची आणि कंपनीकडून लेखी खुलासा मागायचा. फक्त पहिलं पान वाचणारी कमिटी मेअखेरीस पत्र पाठवेल आणि तोवर दोन महिने उशीर झालेला असेल.

आता तारखेकडे येऊ. तीन वर्षं कधी संपतात? 1 जुलै 2024 हा पहिला दिवस धरला, तर 30 जून 2027 ला. पण ‘पासून’ म्हटलं की तो दिवस मोजणीतून वगळायचा, असंही एक तत्त्व आहे. कायद्यांमधल्या मुदतींसाठी ते 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 9 मध्ये आलं आहे. त्या हिशेबाने मुदत 1 जुलै 2027 पर्यंत जाते. नोंदवहीत हा वाद सोडवत बसायचं कारण नाही. नोटीस देणाऱ्याने दोनपैकी अलीकडची, म्हणजे आधी येणारी तारीख धरावी. आपण 30 जून 2027 धरू.

तिथून 90 दिवस मागे गेलं की 1 एप्रिल 2027 येतो. करारात ‘कमीत कमी 90 दिवस’ आहेत, म्हणून काठावर न थांबता आणखी एक दिवस मागे यायचं: 31 मार्च, बुधवार. इथे तीन महिने आणि 90 दिवस एकच समजू नयेत. महिने कधी 30 दिवसांचे, कधी 31 चे, फेब्रुवारी तर त्याहून लहान, त्यामुळे दोन्ही मोजण्यांचा निकाल वेगळा येऊ शकतो. करारात जे एकक असेल त्यानेच मोजावं.

तरीही 31 मार्च ही पत्र टाकायची तारीख नाही. नोटिशीविषयीचं कलम बहुधा कराराच्या अगदी शेवटी, किरकोळ वाटणाऱ्या मजकुरात असतं. आपल्या करारात ते कलम 22 आहे. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा हातपोच द्यावी, ईमेल चालणार नाही आणि टपालाने पाठवलेली नोटीस पाचव्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असं समजलं जाईल, असं ते म्हणतं. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या त्यात धरलेल्या नाहीत. 2027 मध्ये 26 मार्चला गुड फ्रायडे आहे. 31 मार्च हा पाचवा दिवस यायचा, तर त्याआधीचे चार दिवस 30, 29, 25 आणि 24 मार्च. म्हणजे पत्र 23 मार्चला, मंगळवारी टपालात पडलंच पाहिजे.

आणखी एक अडचण आहे. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, पण जुन्या करारांतला मजकूर तसाच राहिला आहे. अशा वेळी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावीच, शिवाय एक प्रत कंपनीच्या कार्यालयात नेऊन देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी.

आता नोंदवहीत काय लिहायचं? ‘करार संपतो: 30 जून 2027’ एवढीच नोंद केली, तर ती काही कामाची नाही, कारण तो दिवस उजाडेल तेव्हा करण्यासारखं काहीच उरलेलं नसेल. पत्र पाठवायचा शेवटचा दिवस 23 मार्च आहे. कमिटीला निर्णय घ्यायला, दोन-तीन कंपन्यांकडून दरपत्रकं मागवायला आणि ठराव करायला तीन महिने लागतील असं धरलं, तर पहिली आठवण डिसेंबर 2026 मध्ये व्हायला हवी. या सगळ्या तारखा नोंदवायच्या आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्या कलमातून आली तेही लिहायचं. कलमाचा क्रमांक असला, तर पुढचा सेक्रेटरी पाच मिनिटांत मूळ मजकूर पडताळू शकतो. तो नसला, तर त्याला पूर्ण करार पुन्हा वाचावा लागतो.

मुदतवाढ नाकारणं आणि चालू करार मोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच रकान्यात कोंबू नयेत. आपल्या करारात मोडण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला कसूर झाल्यास, कलम 14.1 प्रमाणे. आधी कसूर नेमकी काय ते सांगणारी नोटीस द्यायची, कंपनीला सुधारणेसाठी 30 दिवस मिळतात, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर करार संपवल्याचं दुसरं पत्र द्यायचं. चिडलेली कमिटी पहिल्याच पत्रात ‘आजपासून करार रद्द’ असं लिहिते. मग आपणच करार मोडल्याचा दावा कंपनी करू शकते. म्हणून नोंदीत ‘दोन पत्रं, मध्ये 30 दिवस’ असं स्पष्ट लिहावं. दुसरा रस्ता कारण न देता, कलम 14.3 प्रमाणे. तो पहिल्या बारा महिन्यांनंतरच खुला होतो. त्यासाठी 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तीन महिन्यांचं शुल्क, म्हणजे 30,000 रुपये भरावे लागतात.

कंपनीचे हक्कही तिथेच नोंदवायचे. कलम 14.2 प्रमाणे बिल 45 दिवस थकलं तर ती सेवा थांबवू शकते. करार संपल्यावर काय होतं, हेही विसरू नये. लिफ्टची लॉगबुक, मशीनरूमच्या किल्ल्या आणि कंट्रोलरचा पासवर्ड कंपनीने परत द्यायचा आहे. उरलेल्या काळाचं आगाऊ शुल्क मात्र 30 दिवसांत लेखी मागितलं तरच परत मिळतं.

जबाबदाऱ्या उतरवताना करारातली वाक्यं जशीच्या तशी चिकटवू नयेत. प्रत्येक जबाबदारीला पाच प्रश्न विचारावेत: कोणी, काय, कधी, पुरावा काय, आणि न केल्यास काय? ‘कंपनी दर महिन्याला दोन्ही लिफ्टची सर्व्हिसिंग करेल, पुरावा लॉगबुकमधली सही’ ही पूर्ण नोंद झाली. ‘कंपनी तत्पर सेवा देण्याचा प्रयत्न करेल’ यात मोजता येण्याजोगं काही नाही. ते बंधन म्हणून नोंदवलं, तर नोंदवहीवर खोटा विश्वास बसतो.

आपल्या जबाबदाऱ्या लपलेल्या असतात, त्या विशेष शोधाव्यात. या करारात लिफ्ट चोवीस तासांहून जास्त बंद राहिली, तर दिवसाला 500 रुपये वजावट मिळते. पण त्यासाठी महिना संपल्यावर 15 दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. म्हणजे कागदावर ही सवलत कंपनीने द्यायची आहे, प्रत्यक्षात दर महिन्याला काम सोसायटीला आहे. ते खजिनदाराच्या नावे नोंदवलं नाही, तर सवलत कधीच पदरात पडत नाही.

पूर्ण नोंद अशी दिसेल:

- करार: दोन लिफ्टची देखभाल, सह्या 18 जून 2024, सुरुवात 1 जुलै 2024
- मुदत: 30 जून 2027 धरली, ‘पासून’चा अर्थ संदिग्ध
- मुदतवाढ: आपोआप, एक वर्ष, शुल्कात 10 टक्के वाढ (कलम 12)
- नोटीस पोहोचण्याचा शेवटचा दिवस: 31 मार्च 2027 (कलम 12)
- टपालात टाकण्याचा शेवटचा दिवस: 23 मार्च 2027 (कलम 22)
- पहिली आठवण: 1 डिसेंबर 2026, जबाबदार: सेक्रेटरी
- करार मोडणे: कसूर (14.1), विनाकारण (14.3), कंपनीचा हक्क (14.2)
- दरमहा काम: वजावटीची मागणी, 15 दिवसांत, जबाबदार: खजिनदार
- विसंगती: पहिल्या पानावर एक महिना, कलम 20 नुसार 90 दिवस ग्राह्य

नोंद झाली की ती न पाहिलेल्या दुसऱ्या सभासदाने मूळ करारावरून तारखा स्वतंत्रपणे काढाव्यात. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर तिथे करारच संदिग्ध आहे किंवा एखादं कलम वाचायचं राहिलं आहे. आणि करार वाढला किंवा त्यात बदल झाला, की त्याच दिवशी नोंद बदलावी. जुनी तारीख दाखवणारी नोंद सगळं ठीक असल्याचा भास निर्माण करते, म्हणून ती नसलेल्या नोंदीहून घातक ठरते.

लिफ्टच्या जागी सुरक्षारक्षक, जनरेटर किंवा कारखान्याचा कच्चा माल आला, तरी पद्धत हीच राहते. आपल्या कपाटातला एक करार या आठवड्यात बाहेर काढा. आधी कलमांचा प्राधान्यक्रम पाहा, मग मुदतवाढ, मग अगदी शेवटचं नोटिशीचं कलम, आणि पत्र टाकायची तारीख काढून ती कोणाच्या तरी नावावर लिहा. मोठा आणि गुंतागुंतीचा करार असेल तर वकिलाला दाखवाच. पण तारीख सांभाळणं हे वकिलाचं काम नाही, ते आपलं आहे.