काचेवर माउस का अडतो?

एका प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी घडलेली गोष्ट सांगतो. मार्च महिना होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्या दिवसांत वारा सुटला की खिडक्या कितीही लावून घ्या, टेबलावर धुळीचा पातळ थर हा बसतोच. आमच्या प्रयोगशाळेत संगणकांची टेबले जुन्या पद्धतीची होती, म्हणजे खाली हिरवे कापड आणि त्यावर पाच मिलिमीटर जाडीची काच. आदल्या संध्याकाळी मी सर्व संगणक स्वतः तपासले होते आणि सगळे ठीक चालत होते. सकाळी परीक्षा सुरू झाली आणि पाच मिनिटांत एक विद्यार्थी उभा राहिला. “सर, बाण जागचा हलत नाही.” पाठोपाठ दुसरी मुलगी म्हणाली, “सर, माझा तर आपोआप थरथरतोय. व्हायरस आला असेल का?”

एकाच रात्रीत सहा माउस एकदम बिघडावेत हे मला पटेना. चौकशी केली तेव्हा कळले की परीक्षक येणार म्हणून आमच्या परिचर काकांनी पहाटे येऊन सर्व काचा ओल्या कापडाने आणि मग वर्तमानपत्राने लख्ख पुसून काढल्या होत्या. माउसना काही झाले नव्हते, टेबले स्वच्छ झाली होती एवढेच. आता प्रश्न असा, की धुळीच्या काचेवर चालणारा माउस स्वच्छ काचेवर का अडावा?

त्यासाठी माउस उलटा करून पाहा. (लाल दिवा डोळ्यांजवळ नेऊ नका. काही माउसमध्ये डोळ्यांना न दिसणारा लेसर असतो, त्याच्या भोकात तर डोकावूच नका.) खालच्या खाचेत एक लाल एलईडी दिवा असतो, आणि त्याच्या शेजारी एक छोटे भिंग. भिंगाच्या मागे एक चिमुकला कॅमेरा असतो. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या मानाने तो अगदीच गरीब आहे. अनेक साध्या माउसमध्ये त्याच्या चित्रात उभे १८ आणि आडवे १८, म्हणजे अवघे ३२४ चौकोन असतात, आणि तो टेबलाचा जेमतेम एक मिलिमीटरचा तुकडा पाहतो. पण त्याची चपळाई मोठी असते. तो सेकंदाला सुमारे १५०० चित्रे घेतो. तुम्ही माउस सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने ओढलात, तरी दोन चित्रांच्या दरम्यान तो ०.२ मिलिमीटरच सरकतो. म्हणून लागोपाठच्या दोन चित्रांत बराचसा भाग तोच असतो, फक्त थोडा बाजूला गेलेला. किती बाजूला गेला एवढे शोधले की माउस किती हलला ते कळते.

हे शोधणे कसे चालते ते आपण आकड्यांनी करून पाहू. सोयीसाठी चौकोनांची एकच ओळ घेऊ. आकडा मोठा म्हणजे चौकोन अधिक उजळ. पहिल्या चित्रात ओळ अशी आहे: ३ ८ २ ९ ४ ६ १ ७. पुढच्या चित्रात ती अशी झाली: ८ २ ९ ४ ६ १ ७ ५. तुमच्या लगेच ध्यानात आले असेल की ओळ एक घर डावीकडे सरकली आहे. यंत्राला मात्र नजर नाही. ते दुसरी ओळ पहिलीवर निरनिराळ्या तऱ्हेने ठेवून पाहते आणि प्रत्येक वेळी आकड्यांतील फरकांची बेरीज करते. ओळी जशाच्या तशा ठेवून पहिल्या सात जोड्यांतील फरक मिळवा, बेरीज ३६ येते. दुसरी ओळ एक घर उजवीकडे सरकवून ठेवली तर बेरीज शून्य. उलट दिशेने सरकवली तर १५. सर्वांत लहान बेरीज शून्य, तेव्हा निकाल निर्विवाद लागतो आणि पडद्यावरचा बाण त्याप्रमाणे सरकतो.

आता पृष्ठभागावर काही ओळखीची खूण नसली तर? समजा पहिली ओळ आहे ५ ५ ६ ५ ५ ५ ५ ६ आणि दुसरी ५ ५ ५ ५ ६ ५ ५ ५. मधले मधले ६ हे टेबलाचे नव्हेत, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या विद्युत गोंधळातून आलेले आहेत, आणि म्हणूनच प्रत्येक चित्रात ते जागा बदलतात. वरच्याच रीतीने बेरजा करा: न सरकवता २, एक घर उजवीकडे सरकवून ३, उलट दिशेने २. माउस खरोखर पहिल्यासारखाच हलला असला, तर बरोबर उत्तर देणाऱ्या जुळणीची बेरीज येथे सर्वांत मोठी आली आहे! जागच्या जागी राहणे आणि उलट जाणे यांत बरोबरी झाली. अशा वेळी बाण कधी थिजतो, तर कधी हात न लावता थरथरतो. आमच्या त्या मुलीचा ‘व्हायरस’ तो हाच.

म्हणजे माउसला हव्यात खुणा. कागद आपल्याला सपाट दिसतो, मग त्यावर खुणा कोठून येतात? येथे दिव्याच्या जागेचे महत्त्व आहे. तो पृष्ठभागावर सरळ वरून प्रकाश टाकत नाही, बाजूने अगदी तिरपा टाकतो. तुमच्यापैकी काहींनी आपल्या जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहिले असेल. सकाळी सूर्य नुकताच वर आला असताना काठावर उभे राहा. तिरप्या उन्हात आतल्या उतारावरची प्रत्येक घळ आणि प्रत्येक उंचवटा आपापल्या सावलीमुळे उठून दिसतो. तोच उतार भर दुपारी सपाट वाटतो. माउसच्या पोटाखाली अशी सकाळच कायम असते. कागदाचे तंतू, कापडाचे धागे, लाकडाच्या रेषा या सर्वांच्या सावल्या पडतात, आणि कॅमेऱ्याला डोंगरदऱ्यांचा मुलूख दिसतो.

गुळगुळीत चकचकीत टेबलावर मात्र घळीच नाहीत. शिवाय परावर्तनाचा नियम आड येतो. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यातला काही वर भिंगात शिरतो. चकचकीत पृष्ठभागावर परावर्तन नियमित होते. एका बाजूने तिरपा आलेला प्रकाश तेवढाच तिरपा होऊन दुसऱ्या बाजूने निघून जातो, आणि बरोबर वर बसलेल्या भिंगाला काळोख दिसतो. यंत्र मग प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ प्रकाश गोळा करू लागते, पण त्याने खुणा वाढत नाहीत.

पण मग काचेखालचे हिरवे कापड का उपयोगी पडू नये? काच तर पारदर्शक, आणि कापडाला धागे भरपूर. मला स्वतःला हा भाग सर्वांत मौजेचा वाटतो, कारण उत्तर तुमच्या अपवर्तनाच्या धड्यातच आहे. माउसचे भिंग जवळजवळ टेबलाला टेकलेले असते. त्याच्यापासून पृष्ठभाग सुमारे २.४ मिलिमीटरवर असावा, आणि इकडेतिकडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच सूट, असे ते बसवलेले असते. पाण्याच्या बादलीचा तळ वर आल्यासारखा दिसतो, तसेच काचेखालचे कापडही वर आलेले दिसते. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर ५ मिलिमीटर काचेची आभासी खोली ५ भागिले १.५, म्हणजे सुमारे ३.३ मिलिमीटर. म्हणजे कापड माउसला जिथे असायला हवे त्यापेक्षा ३.३ मिलिमीटर दूर दिसते. दहाव्या भागाची सूट असलेल्या भिंगाला हे अंतर फार झाले, आणि धागे पुसट होऊन एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ५ मिलिमीटर काचेवर ठेवलेला माउस हा कापडापासून ३.३ मिलिमीटर वर उचललेल्या माउससारखा आहे. आणि माउस हातात उचलला की बाण थांबावा, अशीच तर त्याची रचना असते!

एवढ्याने भागत नाही. समजा दिव्याचा किरण स्तंभिकेशी ७० अंशांचा कोन करून काचेवर पडला. ७० अंशांची ज्या ०.९४, तिला १.५ ने भागले की ०.६३, म्हणजे काचेत किरण सुमारे ३९ अंशांनी जातो. ५ मिलिमीटर खाली जाईपर्यंत तो बाजूला सुमारे ४ मिलिमीटर सरकतो. भिंग पाहते सरळ खाली, एक मिलिमीटरचा तुकडा, आणि उजेडाच्या ठिपक्याचा मध्य पडतो चार मिलिमीटर पलीकडे. कापड आहे, पण पुसट आहे आणि वर अंधारातही आहे.

आता आदल्या संध्याकाळचे कोडे सुटते. धुळीचे कण काचेच्या वरच्या पृष्ठावर, म्हणजे भिंगाला हव्या त्याच अंतरावर बसलेले होते आणि तिरप्या प्रकाशात चमकत होते. अंधाऱ्या खोलीत छपराच्या फटीतून कवडसा आला की हवेतले कण कसे लखलखतात, तसे. काकांनी काच पुसली आणि माउसच्या वाटेवरच्या खुणाच नाहीशा झाल्या. २००९ साली लॉजिटेक कंपनीने काचेवर चालणारा माउस बाजारात आणला. त्यात हेच कवडशाचे तत्त्व वापरले आहे: पार्श्वभूमी काळी ठेवायची आणि काचेवरचे अतिसूक्ष्म कण व ओरखडे तेवढे चमकवायचे. त्यालाही काच निदान ४ मिलिमीटर जाडीची लागते.

माउसखालचे पॅड कसे निवडावे हे आता तुम्हीच सांगू शकाल. त्याला चकाकी नको, बारीक पण अनियमित पोत हवा, आणि ते सपाट बसले पाहिजे, फुगा धरता कामा नये. साधे सुती कापड चढवलेले पॅड यासाठी उत्तम. देवादिकांची किंवा नटनट्यांची चकचकीत छायाचित्रे छापलेली पॅडे भेट म्हणून मिळतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. चकाकी हा एक दोष झालाच. शिवाय छापील चित्र भिंगातून पाहिलेत तर ते ठरावीक अंतरावरच्या ठिपक्यांचे बनलेले दिसते. आपल्या आकड्यांत ३ ८ ३ ८ ३ ८ अशी ओळ लिहून पाहा. ती दोन घरे सरकवली काय, चार सरकवली काय, दर वेळी बेरीज शून्यच येते! खऱ्या पॅडवर ठिपके इतके काटेकोर नसतात म्हणून बहुधा निभावते, पण मधेच बाण उडी मारतो. लाल नक्षीचाही उपयोग नाही, कारण लाल प्रकाशात लाल आणि पांढरा जवळजवळ सारखेच उजळ दिसतात.

गंमत अशी की प्रकाशावर चालणाऱ्या पहिल्या माउसपैकी एक मुद्दाम चकचकीत पॅडवरच चाले. अमेरिकेत स्टीव्ह कर्श यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या माउसला धातूचे पॅड लागे, त्यावर उभ्याआडव्या रेषांची जाळी छापलेली असे. तो माउस रेषा मोजत जाई. पॅड हरवले की माउस निकामी. कुठल्याही साध्या टेबलावर चालणारा, चित्रे जुळवणारा माउस १९९९ मध्ये बाजारात आला, आणि पॅडची सक्ती गेली.

आमच्या परीक्षेत पॅड आणायला वेळ नव्हता. प्रत्येक काचेवर एकेक कोरा कागद चिकटपट्टीने चारी कोपऱ्यांवर लावला आणि परीक्षा दहा मिनिटे उशिरा सुरू झाली. काकांनी मात्र मला विचारलेच, “मग साहेब, उद्या काच पुसू की नको?”

हा प्रयोग तुम्हीही करा. कोऱ्या कागदावर माउस ठेवा आणि त्याच्या दोन्ही कडांखाली जुन्या पोस्टकार्डाच्या पट्ट्या एकेक करून वाढवत जा. भिंगाखालची जागा मोकळी राहिली पाहिजे. बाण चालेनासा झाला की थप्पीची जाडी मोजपट्टीने मोजा. एका पट्टीची जाडी हवी असेल तर वीस पट्ट्या एकत्र मोजून विसाने भागा. मग घरातल्या काचेची जाडी मोजा, तिला १.५ ने भागा, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहून त्या काचेखाली ठेवलेला कागद तुमच्या माउसला दिसेल की नाही ते आधी वहीत लिहा. काच पुसून घेऊन नंतरच माउस त्यावर ठेवा.