रीलमधला नेमका सेकंद दाखवणारं पत्र

अ‍ॅनिमेशन स्टुडिओत नोकरीसाठी अर्ज आला की पदवीचं नाव नंतर वाचलं जातं, आधी शोरील पाहिली जाते. शोरील म्हणजे उमेदवाराने स्वतः केलेल्या कामाचे निवडक तुकडे जोडून केलेली साधारण मिनिटभराची फीत. ती पाहणारा बहुतेक वेळा अ‍ॅनिमेशन सुपरवायझर किंवा लीड असतो, आणि स्वतःची कामं सांभाळून मधल्या वेळात तो हे अर्ज बघतो. म्हणून अनेक नवख्या मुलांना वाटतं, रील चांगली असली की झालं, सोबतच्या पत्रात काय लिहायचं? मला हे पटत नाही. या जाहिरातीसाठी रीलमधलं नेमकं काय बघायचं, त्यातलं उमेदवाराचं स्वतःचं काम किती आणि त्याला किती वेळ लागला, हे रील पाहून कळत नाही. पत्राने ते सांगायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुंबईतल्या एका स्टुडिओला लहान मुलांच्या टीव्ही मालिकेसाठी ज्युनियर थ्रीडी कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर हवा आहे. जाहिरातीत लिहिलंय: माया हे सॉफ्टवेअर यायला हवं, शरीराच्या हालचालींची जाण हवी, संवादाचे शॉट करता यायला हवेत, काम ठरल्या मुदतीत देता यायला हवं. नाशिकच्या एका मुलीने नुकताच अभ्यासक्रम पूर्ण केलाय आणि तिला अर्ज करायचा आहे. तिच्या रीलमध्ये चार शॉट आहेत: आकाशात झेपावणारा ड्रॅगन, धान्याचं पोतं उचलणारी आजी, दोन बहिणींचा संवाद आणि चौघांनी मिळून केलेल्या छोट्या फिल्ममधला एक पाठलाग. ड्रॅगनवर तिने सगळ्यात जास्त दिवस घालवलेत, म्हणून तो सुरुवातीला ठेवलाय.

पत्र लिहायला घेतल्यावरच यातली अडचण तिच्या लक्षात येते. जाहिरातीतली एकेक मागणी एका ओळीवर लिहून तिच्यासमोर रीलमधला शॉट लिहायला बसलं, तर ड्रॅगनला जागाच सापडत नाही. मालिकेत माणसांसारखी चालणारी-बोलणारी पात्रं आहेत, पंख असलेला प्राणी एकही नाही. रील पाहणाऱ्याचं मत पहिल्या काही सेकंदांतच बनायला लागतं. ते सेकंद या स्टुडिओच्या कामाचे असायला हवेत. म्हणून आजी पहिली, बहिणी दुसऱ्या, पाठलाग तिसरा आणि ड्रॅगन शेवटी किंवा या अर्जापुरता बाहेर. अशा रीतीने चांगलं पत्र रीलचाही क्रम बदलायला लावतं.

आता पत्राचा मजकूर. असल्या पत्राची सुरुवात बहुधा ‘मला लहानपणापासून कार्टूनची आवड आहे’ अशी होते. ही ओळ सगळ्याच अर्जांत असते आणि तिची खात्री करून घ्यायला काही मार्ग नाही. त्याऐवजी ती असं लिहू शकते: ‘आपल्या जाहिरातीत शरीराच्या हालचालींची जाण मागितली आहे. रीलमध्ये ०:०३ ते ०:१५ या वेळात आजी पोतं उचलते, तो शॉट त्यासाठी पाहावा. पोतं जमिनीवरून सुटण्याआधीची ओढ आणि नंतर सावरलेला तोल यांवर मी भर दिला आहे.’

या दोन-तीन वाक्यांनी काय साधतं ते पाहा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १२ सेकंदांचा हा शॉट २८८ फ्रेमचा झाला. पोत्याचं वजन दिसायचं तर आधी आजीची कंबर खाली जायला हवी, मग हात ताणले जायला हवेत, आणि तरी काही फ्रेम पोतं जागचं हलता कामा नये. ते सुटलं की त्याचा भार पेलायला शरीर मागे झुकायला हवं. हात आणि पोतं एकाच फ्रेमला वर उचललं गेलं, की पोत्यात थर्माकोल भरल्यासारखं वाटतं. जाणकार आणखी दोन ठिकाणी थांबतो. जमिनीवर टेकलेलं पाऊल किंचित सरकतंय का? पाय पूर्ण सरळ होताना गुडघा एका फ्रेममध्ये झटका मारतोय का? पत्रात ‘ओढ’ आणि ‘तोल’ हे शब्द आले की सुपरवायझर शॉट थांबवून, एकेक फ्रेम पुढे सरकवून तेच तपासतो. म्हणून जे शॉटमध्ये खरोखर उतरलंय, त्याचाच उल्लेख करावा. पाऊल घसरत असेल, तर आधी शॉट दुरुस्त करावा आणि मग पत्र पाठवावं.

संवादाच्या शॉटबद्दल ‘लिपसिंक येतं’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. ओठ आवाजाशी जुळवणं शिकता येतं, पण बोलण्यामागचा विचार चेहऱ्यावर आणणं कठीण असतं. तिच्या शॉटमध्ये मोठी बहीण बोलत असताना धाकटीची नजर आधी खाली जाते, मग भुवया उचलतात आणि मगच मान वळते. हा क्रम तिने विचार करून बसवलाय. पत्रात ती लिहील: ‘०:१५ ते ०:२९ या वेळात ऐकणाऱ्या बहिणीकडे पाहावं.’ पात्रांची रिग, म्हणजे हालचाल करता येईल असा आतला सांगाडा असलेलं तयार मॉडेल, तिने इंटरनेटवरून घेतलंय. शिकणारे सगळेच घेतात, त्यात गैर काही नाही, फक्त ते एका वाक्यात सांगायला हवं.

मुदतीचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित राहतो. चित्रपटात अ‍ॅनिमेटरकडून आठवड्याला मोजकेच सेकंद अपेक्षित असतात, टीव्ही मालिकेत मात्र त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे लीडला पडणारा प्रश्न असा, की हे काम किती दिवसांत झालं? ‘संवादाच्या शॉटचं ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझ बसवण्याचं काम, दोन दिवसांत झालं, सूचना आल्यावर दुरुस्त्यांसह पूर्ण शॉट आठ दिवसांत दिला,’ असं लिहिलं तर त्याला अंदाज येतो. आजीच्या शॉटला तीन आठवडे लागले असतील, तर तेही लपवू नये. शिकताना वेळ लागतोच. पण दिवस कमी करून लिहिले, तर चाचणीच्या पहिल्याच दिवशी ते उघडं पडतं.

पाठलागाच्या शॉटमध्ये चौघांचे हात लागलेत. मॉडेलिंग, लायटिंग आणि कॅमेरा इतरांचा, पळणाऱ्या मुलाचं अ‍ॅनिमेशन तिचं. हे रीलमध्ये शॉटखाली बारीक अक्षरांत आणि पत्रातही लिहावं. एकाच संस्थेतून बाहेर पडलेल्या दोघांच्या रीलमध्ये तोच शॉट आला आणि दोघांनीही तो पूर्ण आपलाच म्हटला, तर दोन्ही अर्ज बाजूला पडतात. नोकरी किंवा इंटर्नशिपमधलं काम असेल, तर ते प्रसिद्ध होण्याआधी रीलमध्ये टाकायला स्टुडिओची परवानगी लागते. अशा वेळी तो शॉट गाळावा.

सगळं पत्र पानभरापेक्षा कमीच असावं. रीलचं शेवटचं संपादन झाल्यावरच सेकंद लिहावेत, नाहीतर एक शॉट दोन सेकंदांनी लहान केला की पुढचे सगळे आकडे चुकतात. लिंक स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. परवानगी मागणारा पडदा समोर आला, तर रील पाहायची राहूनच जाते. फितीला पासवर्ड असेल, तर तो लिंकच्या शेजारीच लिहावा.

पत्राचा शेवट कामाच्या माहितीने व्हावा. बरेच स्टुडिओ निवडीआधी छोटी अ‍ॅनिमेशन चाचणी देतात. म्हणून चाचणीसाठी कोणत्या आठवड्यात वेळ आहे, मुंबईत राहायला येण्याची तयारी आहे का आणि रुजू कधी होता येईल, एवढं लिहून पत्र संपवावं.