जंतू, तुकडा आणि पडदा
घाटकोपरच्या एखाद्या रुग्णाच्या जठरात दुर्बिणीतून व्रण दिसला, तरी केवळ दिसण्यावरून कर्करोग ठरत नाही. व्रणाच्या कडेचे व तळाचे ६ ते ८ तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये ओळखलेला हेलिकोबॅक्टर जंतू जठराचे अस्तर वर्षानुवर्षे सुजवत ठेवतो आणि कर्करोगाला वाट करून देतो. पण जंतू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. म्हणून जंतू सापडणे हे निदान नव्हे.

तुकड्यात कर्करोग निघाला आणि सीटी स्कॅन स्वच्छ आला, तरी पोटाच्या आतल्या पडद्यावरचे मोहरीएवढे दाणे स्कॅनमधून निसटू शकतात. ते लॅपरोस्कोपीत डोळ्यांनी दिसतात. शिवाय पोटात सोडलेले पाणी काढून त्यात पेशी शोधतात. दाणे सापडले, तर जठर काढण्याची मोठी शस्त्रक्रिया सहसा टाळून केमोथेरपी देतात.