पाहुणे किती आणि घरचे किती?

एखादी चित्रफीत अकस्मात लोकांच्या मनात भरते, हातोहात पसरते, आणि वर्षानुवर्षे मंद गतीने वाढणाऱ्या यूट्यूब चॅनेलचे सबस्क्रायबर महिन्याभरात चौपट होतात. चॅनेल चालविणाऱ्याला अर्थातच आनंद होतो. परंतु ही नवी मंडळी पुढच्या चित्रफिती पाहावयास येतात काय, हा प्रश्न त्या मोठ्या आकड्याने सुटत नाही. सबस्क्राइब करण्यास एक पैसाही पडत नाही, आणि ज्याचे मन उडाले तो नाव काढून घेण्याची तसदी सहसा घेत नाही. तो नुसता येईनासा होतो. म्हणून नाव काढून घेणाऱ्यांची संख्या अल्प आहे एवढ्यावरून समाधान मानणे धोक्याचे आहे.

अशा वेळी लोकसंख्याशास्त्राची एक जुनी पद्धत कामास येते. एकाच वर्षी जन्मलेल्यांची एक तुकडी मानावयाची आणि वय वाढेल तसे तिच्यातील किती जण उरतात हे पाहावयाचे. इंग्रजीत अशा तुकडीला 'कोहॉर्ट' म्हणतात. हा शब्द मूळचा रोमन सैन्यातील पथकाचा. येथे जन्माच्या जागी सबस्क्राइब करण्याचा प्रसंग धरावयाचा आणि वर्षांच्या जागी पुढील चित्रफिती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हार्मोनियमची दुरुस्ती शिकविणारे एक चॅनेल आहे. त्याचे सबस्क्रायबर २०,०००. नव्या चित्रफितीला पहिल्या सात दिवसांत सबस्क्रायबरांकडून सरासरी ३,००० दर्शने मिळतात, म्हणजे शेकडा १५. मग पेटीच्या सुरात सूर मिसळणाऱ्या एका पोपटाची चित्रफीत गाजते आणि ६०,००० नवे सबस्क्रायबर येतात. त्यानंतर दुरुस्तीच्याच पाच चित्रफिती निघतात. पहिल्या सात दिवसांत सबस्क्रायबरांनी दिलेली त्यांची दर्शने अनुक्रमे ५,४००, ४,५००, ३,९००, ३,६६० आणि ३,६०० अशी भरतात.

आता एकूण आकडे दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतात. दर्शने ३,००० वरून ३,६०० झाली, म्हणून लाभ झाला असे एक म्हणेल. दुसरा म्हणेल की, ८०,००० सबस्क्रायबरांत ३,६०० म्हणजे केवळ साडेचार टक्के. तेव्हा जुने प्रेक्षकही सोडून गेले. वास्तविक जुन्यांपैकी एकही गेला नसेल. भागाकारातील छेद तेवढा फुगला आहे.

तुकड्या वेगळ्या केल्या म्हणजे हा गोंधळ मिटतो. परंतु येथे एक अडचण आहे. कोणत्या चित्रफितीवरून किती सबस्क्रायबर मिळाले, आणि दर्शनांपैकी किती सबस्क्रायबरांची होती, हे यूट्यूब सांगते. अमुक एक सबस्क्रायबर पुढे काय पाहतो, हे मात्र सांगत नाही. म्हणून तुकडीचा माग थेट न काढता वजाबाकीने काढावा लागतो. जुन्या मंडळींची ३,००० दर्शने कायम आहेत असे धरून ती वजा केली, तर नव्या तुकडीच्या वाट्याला २,४००, १,५००, ९००, ६६० आणि ६०० दर्शने येतात. साठ हजारांत हे प्रमाण शेकडा ४, अडीच, दीड, १.१ आणि १ असे पडते.

येथे पहिल्या आकड्यापेक्षा उताराची रेषा अधिक बोलकी आहे. गळती सर्वच तुकड्यांत होते. ती शून्याकडे जाते की मध्येच स्थिरावते, हे पाहावयाचे असते. या उदाहरणात ती एक टक्क्यापाशी थांबू लागली आहे. पोपटासाठी आलेल्यांपैकी बहुतेक पाहुणे होते. काही थोडे पेटीसाठी राहिले.

तरीही या अनुमानाला मर्यादा आहेत. दर्शन म्हणजे माणूस नव्हे. एकच माणूस दोनदा पाहू शकतो. खात्यात प्रवेश न करता पाहणारा सबस्क्रायबर 'सबस्क्राइब न केलेल्यां'त मोजला जातो. शिवाय गाजण्यापूर्वीच्या चित्रफितींची दर्शने २,६०० ते ३,४०० या पल्ल्यात हेलकावत असतील, तर ३,६०० हा आकडा त्या पल्ल्याच्या जेमतेम बाहेर पडतो. एकाच चित्रफितीवरून निर्णय घेता येत नाही. आठ-दहा चित्रफिती सतत वरच राहिल्या, तरच शिल्लक खरी मानावी. या तुलनेत प्रत्येक चित्रफितीला सारखेच सात दिवस द्यावे लागतात, नाही तर जुनी चित्रफीत केवळ वयामुळे मोठी दिसते.

विषयाची कसोटीही घेता येते. मध्येच पोपटाची दुसरी चित्रफीत दिली आणि सबस्क्रायबरांची दर्शने एकदम उसळून पुढच्या दुरुस्तीच्या चित्रफितीला पुन्हा ३,६०० वर आली, तर नवी मंडळी निघून गेलेली नाहीत, असे ठरते. ती पोपटाची वाट पाहत आहेत. मग चॅनेल पेटीचे ठेवावे की पोपटाचे, हा निर्णय गणिताच्या हाती उरत नाही. तो चालविणाऱ्यालाच घ्यावा लागतो.