विश्लेषण : बौद्धिक दिव्यांग मुलीची मासिक पाळी, पॅड बदलणे शिकवायचे कसे, दुखणे ओळखायचे कसे?

फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग महिलांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांना पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण सांगितले गेले. महिला आणि आरोग्य संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मात्र ‘तिला हे जमणारच नाही’ ही समजूत आजही अनेक घरांत आहे. ती कितपत खरी आहे आणि घरी नेमके काय करता येते?

पॅड बदलणे शिकवता येते का?

बहुतेक मुलींना येते, काहींना पूर्ण आणि काहींना मदतीने. अडचण अशी की ‘पॅड बदल’ ही मोठ्यांना एक कृती वाटते, प्रत्यक्षात त्या दहा कृती असतात. विशेष शिक्षक त्यांचे तुकडे असे पाडतात :

१. नवे पॅड आणि कागद घेऊन बाथरूममध्ये जाणे
२. दार लावणे
३. निकर खाली करणे
४. वापरलेले पॅड काढणे
५. ते कागदात गुंडाळणे
६. पुढून मागे धुऊन पुसणे
७. नवे पॅड चिकटवणे
८. निकर वर घेऊन कपडे नीट करणे
९. गुंडाळी कचऱ्याच्या डब्यात टाकणे
१०. हात धुणे

सुरुवात कुठून करायची?

शेवटून. समजा, खोपटमधल्या एका वन रूम किचनमध्ये राहणारी १३ वर्षांची मुलगी आहे. तिला दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलता येतात. पहिल्या आठवड्यात नऊ पायऱ्या आई तिच्यासोबत करते आणि हात धुणे तेवढे मुलीवर सोडते. सलग काही दिवस ते न सांगता जमले, की गुंडाळी डब्यात टाकणेही तिच्याकडे जाते. अशा रीतीने मागून पुढे जायचे. यात प्रत्येक वेळी काम तिच्याच हातून पूर्ण होते, त्यामुळे तिला ‘झालं’ हे कळते आणि चिडचिड कमी होते.

पाळी महिन्यातून चार-पाच दिवसच येते, तेवढा सराव पुरत नाही. म्हणून पाळी नसतानाही रोज एकदा कोरे पॅड लावून सराव करावा. अधूनमधून पॅडवर खाण्याच्या लाल रंगाचे पाणी टाकले, तर लाल दिसल्यावर घाबरणे कमी होते. पहिली पाळी येण्याआधीच, स्तनांची वाढ दिसू लागल्यावर, हा सराव सुरू करणे उत्तम.

पॅड वाकडे लागत असेल तर निकरच्या आत पॅडच्या आकाराची रंगीत दोऱ्याची किनार शिवावी. कधी बदलायचे हे ‘ओले वाटले की’ असे न सांगता वेळेशी जोडावे : सकाळी उठल्यावर, शाळेत मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, रात्री झोपताना. दोन बदलांत साधारण चार ते सहा तास राहतात. रक्तस्राव जास्त असेल तर आधी बदलावे.

ती पॅड ओढून काढते, मग काय?

हा हट्ट समजून ओरडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पॅड भिजले आहे का? मांडीला लाल चट्टे आहेत का? वरचा थर प्लॅस्टिकसारखा टोचतो का? सुती थराचे पॅड किंवा धुऊन वापरायची पाळीची निकर अनेकींना सुसह्य होते. कापड किंवा अशी निकर वापरल्यास ती साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक पायरीवर बोलत राहणे. मग मुलगी कृती करत नाही, आईच्या पुढच्या वाक्याची वाट पाहते. पाच-दहा सेकंद थांबावे, मग भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवावे आणि तरीही अडली तरच बोलावे.

तिला दुखते आहे, हे कसे ओळखायचे?

अनेक मुली ‘पोट दुखतंय’ असे सांगत नाहीत. त्या जेवण टाळतात, स्वतःला चावतात, शाळेत जाताना रिक्षात बसायला नकार देतात. ‘पाळीत ती चिडकीच असते’ असे म्हटले की दुखणे लपून जाते.

बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण असतात. १ ते ३ म्हणजे सौम्य, ४ ते ६ मध्यम आणि ७ पासून तीव्र वेदना. तिच्या सुधारित रूपात पालक मुलीच्या खास सवयीही नोंदवतात.

वरच्या मुलीचेच उदाहरण घेऊ. दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळाला आठ्या आहेत (१), पाय पोटाशी घेतले आहेत (२), ती कण्हते आहे (१), जवळ घेतल्यावर शांत होते (१). ती डुलतेही आहे, पण डुलणे तिचे रोजचेच आहे, म्हणून हालचालीला ०. एकूण ५, म्हणजे मध्यम वेदना. डॉक्टरांनी ठरवून दिलेले वेदनाशामक जेवणानंतर दिले आणि तासा-दीड तासाने पुन्हा मोजले. आकडा २ वर आला तर औषध लागू पडले. ५ च राहिला तर कारण दुसरे असू शकते. बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, दाढदुखी हीसुद्धा अशीच दिसतात. म्हणून पाळी नसलेल्या शांत दिवशीचे गुण आधी लिहून ठेवावेत. तुलना त्यांच्याशीच करायची.

रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, तासा-दोन तासाला पॅड भिजले किंवा तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. फिट येणाऱ्या मुलीच्या फिट पाळीच्या आसपास वाढतात का, याची नोंद न्यावी. फिटच्या काही औषधांमुळे पाळी अनियमित होऊ शकते. डाउन सिंड्रोम असल्यास थायरॉइड तपासावे, कारण ते कमी असले तर रक्तस्राव वाढू शकतो.

लहान घरात खासगीपणा कसा जपायचा?

नियम एकच आणि साधा ठेवावा : निकर फक्त बंद दाराआड उतरते. एकदा बाथरूम, एकदा पडद्यामागे, एकदा सगळ्यांसमोर असे झाले तर ती हॉलमध्येही पॅड काढेल आणि दोष तिला दिला जाईल. मदत करणाऱ्या व्यक्ती दोन-तीनच आणि ठरलेल्या असाव्यात. हात लावण्याआधी ‘आता मी पुसते, चालेल?’ असे विचारावे आणि तिने मान हलवेपर्यंत थांबावे. कोणीही विचारल्याशिवाय हात लावत नाही, हे तिच्या अंगवळणी पडले तरच चुकीचा स्पर्श तिला वेगळा जाणवेल.

शेजारी आणि नातेवाइकांसमोर तिच्या पाळीची चर्चा टाळावी. तिला कळत नाही, असे गृहीत धरू नये. शाळेतल्या ताईंना सांगायला एखादे चित्रकार्ड पुरते.

आणि गर्भाशय काढण्याचा पर्याय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १० नुसार, दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही वैद्यकीय उपचार करता येत नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने लैंगिक अत्याचाराचा धोका कमी होत नाही. उलट गर्भधारणेतून अत्याचार उघड होण्याची शक्यताही संपते. रक्तस्राव किंवा वेदना खरोखर असह्य असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गोळ्या, इंजेक्शन, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन असे पर्याय असतात. त्यातला कोणता योग्य, हे तिची इतर औषधे पाहून ठरते. त्या भेटीला जाताना दोन-तीन महिन्यांच्या तारखा, रोज लागलेली पॅड आणि ‘फ्लॅक’चे गुण लिहिलेली वही सोबत न्यावी. जे मुलगी सांगू शकत नाही, त्यातले बरेचसे त्या वहीत असते.