एका स्वल्पविरामाचा गुन्हा

‘इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम.’ इंग्रजीच्या वहीत मुलाने असे वाक्य लिहिले, तर शिक्षक स्वल्पविरामावर लाल गोल करतात. या चुकीला इंग्रजीत ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात. दोन्ही बाजूंना कर्ता आणि क्रियापद असलेली पूर्ण वाक्ये आहेत आणि त्यांना जोडायला मध्ये फक्त स्वल्पविराम आहे, ही तक्रार. पण मराठीत ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ असे आपण बिनदिक्कत लिहितो आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. मग इंग्रजीत ते व्याकरणाच्या विरुद्ध कसे?

खरे तर ते व्याकरणाच्या विरुद्ध नाहीच. वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. शब्द बरोबर, क्रम बरोबर, काळही बरोबर. उभयान्वयी अव्यय न वापरता दोन वाक्ये शेजारी ठेवणे इंग्रजी बोलण्यात रोजचेच आहे. वाद आहे तो कागदावर त्यांच्यामध्ये कोणते चिन्ह द्यायचे याचा, आणि तो संकेत भाषेगणिक बदलतो. जर्मन, फ्रेंच आणि रशियन भाषांत अशी जवळच्या अर्थाची दोन वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली चालतात. इंग्रजीतही अठराव्या शतकात ही रीत सर्रास होती. तेव्हा विरामचिन्हे बरीचशी वाचणाऱ्याच्या श्वासाच्या सोयीने दिली जात. पुढे ती वाक्याच्या रचनेला बांधली गेली, आणि जुनी रीत हळूहळू दोष ठरली.

हा नियम मांडणाऱ्यांनीही त्याला अपवाद ठेवलेला दिसतो. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ही पुस्तिका काढली. दोन स्वतंत्र वाक्ये स्वल्पविरामाने जोडू नयेत, असे तिच्यात बजावले आहे. पण वाक्ये अगदी छोटी आणि एकाच घडणीची असतील तर चालेल, अशी मुभाही लगेच दिली आहे. ‘ही कुक्स, शी क्लीन्स’ हे त्या मुभेत बसते. ‘इट इजन्ट अ होटेल, इट्स अ हॉस्पिटल’ असे आधी नकार आणि मग खुलासा करणारे वाक्यही बहुतेक संपादक तसेच ठेवतात. कादंबरीकार तर याच्या कितीतरी पुढे जातात. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चे पहिलेच लांबलचक वाक्य अशा एकामागून एक जोडलेल्या वाक्यांचे आहे.

मग नियम हवा कशाला? वाचणारा अडखळतो तिथे त्याचे उत्तर मिळते. समजा, एखाद्या सूचनाफलकावर लिहिले आहे: ‘द बँक ओपन्स ॲट टेन, ऑन सॅटर्डेज, इट क्लोजेस ॲट वन.’ यातला शनिवार कुणाचा? दहाला उघडण्याचा की एकला बंद होण्याचा? दोन्ही स्वल्पविराम सारख्याच वजनाचे असल्याने पहिले वाक्य कुठे संपले ते कळत नाही. ‘टेन’नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम दिला, की शनिवार बंद होण्याच्या वेळेकडे जातो. तोच अर्धविराम ‘सॅटर्डेज’नंतर दिला, तर तो उघडण्याच्या वेळेकडे येतो. इथे प्रश्न शैलीचा उरत नाही, ग्राहकाची खेप वाया जाण्याचा होतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘हाउएव्हर’. ‘द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर, वी रीच्ड ऑन टाइम’ हे वाक्य चांगले शिकलेली माणसेही लिहितात, कारण ‘हाउएव्हर’चा अर्थ ‘बट’सारखाच वाटतो. पण ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे, ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण. ओळखायची खूण सोपी: शब्द जागचा हलवून पाहा. ‘वी, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम’ म्हणता येते. ‘वी, बट, रीच्ड’ म्हणता येत नाही. जो शब्द असा हलतो, तो दोन वाक्यांचा सांधा धरू शकत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. ‘देअरफोर’ आणि ‘देन’ यांनाही हीच कसोटी लावावी.

पावसाच्या वाक्याची दुरुस्ती अनेक प्रकारे होते. मध्ये पूर्णविराम दिला तर दोन घटना सुट्या होतात. अर्धविरामाने त्या शेजारी राहतात, नाते मात्र वाचणाऱ्याने ओळखायचे. स्वल्पविरामानंतर ‘सो’ घातला तर परिणाम उघड होतो, आणि सुरुवातीला ‘बिकॉज’ आणले तर कारणावर भर येतो. यातला कोणता प्रकार घ्यायचा, ही मात्र खरोखर शैलीची निवड.

तेव्हा निवाडा असा: हा व्याकरणाचा दोष नव्हे, विरामचिन्हांच्या संकेताचा भंग आहे. कथेत, संवादात, मित्राला लिहिलेल्या पत्रात तो जाणूनबुजून केला तर शोभतो. परीक्षेची उत्तरपत्रिका, नोकरीचा अर्ज, करार किंवा शोधनिबंध यांत तो चूकच धरला जातो, म्हणून तिथे टाळावा. आणि वाक्य दोनदा वाचावे लागत असेल, तर लेखन कोणतेही असो, तो स्वल्पविराम बदलावा.