आधी घटणारी वीज

जलविद्युत केंद्रात वीज वाढवायची म्हणून टर्बाइनचं गेट झटकन उघडलं, की वीज आधी घटते. पेनस्टॉकमधल्या शेकडो टन पाण्याला वेग घ्यायला वेळ लागतो. त्या क्षणी प्रवाह जुनाच असतो, वाट मात्र रुंद झालेली. साहजिकच टर्बाइनपाशी दाब पडतो. प्रवाह वाढला, की वीज वर येते.

समजा, पाइप ४०० मीटर लांब, वेग सेकंदाला ५ मीटर आणि पाण्याची उंची १०० मीटर. लांबी गुणिले वेग, भागिले उंची आणि गुरुत्वत्वरण: उत्तर येतं सुमारे २ सेकंद. हा पाण्याचा जडत्वकाळ. आदर्श टर्बाइनच्या गणितात गेट एक टक्का उघडताच वीज दोन टक्के घटते आणि शेवटी एक टक्का वाढते.

जलद, उलटा परिणाम आणि सावकाश, सुलटा परिणाम एका विशिष्ट वाढीच्या दराला एकमेकांना पूर्ण खोडतात. हेच ‘उजव्या अर्धप्रतलातलं शून्य’. इथे ते १/२, म्हणजे सेकंदाला ०.५ रेडियनवर आहे.

उतावळा गव्हर्नर इथेच फसतो. वारंवारता घसरली म्हणून तो गेट उघडतो, वीज आणखी पडते, तो आणखी उघडतो, आणि दोलनं वाढत जातात. नियंत्रणाचा वेग म्हणून शून्याच्या साधारण निम्म्यावर, सेकंदाला ०.२५ रेडियनच्या आसपास थांबवावा लागतो. महागडा गव्हर्नरही ही मर्यादा ओलांडू शकत नाही, कारण ती पाइपातल्या पाण्याची आहे. पाइप आखूड किंवा रुंद केला, तरच ती सैल होते.